वाळवी परत आली आणि हमीपत्र हातात आहे: पेस्ट कंट्रोल कंपनीला पत्र कसे लिहावे

कोल्हापूरच्या पेठांमधली जुनी घरे दगड-मातीच्या भिंतींची, सागवानी चौकटींची आणि शेजारच्या घराशी एकच भिंत असलेली आहेत. वाळवीला याहून सोयीची जागा मिळणार नाही. त्यामुळे इथे वाळवीचे काम करून घेणारे खूप, आणि 'पाच वर्षांची लेखी गॅरंटी' असे छापलेले कार्ड कपाटात ठेवून दुसऱ्याच वर्षी चौकटीवर मातीची नळी बघणारेही खूप. मग फोनाफोनी सुरू होते. 'माणूस पाठवतो' असे उत्तर मिळते, एखादा मुलगा पंप घेऊन येतो, वरून फवारा मारतो आणि निघून जातो. महिन्याभरात नळी पुन्हा तिथेच असते.

फोनवरची तक्रार कुठे नोंदली गेली, कोणी घेतली, हे नंतर सिद्ध करता येत नाही. पत्राचे करता येते. पण नुसते 'तुमचे काम निकृष्ट आहे, पैसे परत करा' असे लिहिलेले पत्र कंपनीच्या दृष्टीने फोनसारखेच असते, त्याला गुळमुळीत उत्तर देऊन मोकळे होता येते. पत्राला जोर येतो तो आधी गोळा केलेल्या पुराव्याने आणि नेमक्या मागणीने. इथे फक्त वाळवीचेच बघू. झुरळ, ढेकूण यांची हमी काही महिन्यांची असते, वाळवीची वर्षांची असते आणि रक्कमही मोठी असते.

झाडू हातात घेण्याआधी

नळी दिसली की पहिला मोह होतो तो खरवडून, रॉकेल ओतून जागा साफ करण्याचा. तो आवरा, कारण तुमचा सगळा पुरावा त्या नळीत आहे.

नळी जमिनीतून निघून भिंतीवरून किंवा चौकटीच्या कडेने वर चढलेली असते, साधारण पेन्सिलीएवढी जाड. आधी तिचा लांबून एक फोटो काढा, ज्यात खोली आणि चौकट ओळखू येईल, आणि शेजारी मोजपट्टी धरून एक जवळून काढा. मग नळीचा मधला दोनेक इंचांचा तुकडाच तोडा, बाकीची तशीच राहू द्या. आत पांढरट, मऊ, मुंगीएवढे किडे पळताना दिसले तर त्याचा व्हिडिओ घ्या. काही दिसले नाही, तरी तीन-चार दिवस थांबून तीच जागा पुन्हा बघा. तुटलेला भाग ओलसर, गडद मातीने पुन्हा जोडलेला दिसला, तर वाळवी जिवंत आहे आणि जमिनीतून ये-जा चालू आहे. तो जोडलेला तुकडा तारखेसह टिपा. वाळलेली, हातात चुरा होणारी आणि आठवडाभर न जुळलेली नळी जुनी असू शकते, तिच्या जोरावर पत्र लिहू नका.

एक खात्री इथेच करून घ्या. लाकडाला टाचणीएवढी गोल भोके पडून खाली पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल, तर ती वाळवी नाही, लाकूड पोखरणारा भुंगा आहे. बहुतेक हमीपत्रांत तो येत नाही, आणि कंपनीने तसे सांगितले तर ती बरोबर असेल. जमिनीतली वाळवी जिथे खाते तिथे माती असते.

जमिनीवरचे ठिपके मोजा

हे काम फार थोडे लोक करतात, आणि पत्रात सगळ्यात जास्त बोलते ते हेच.

राहत्या घरातल्या वाळवीच्या कामासाठी भारतीय मानक आहे: आयएस ६३१३, भाग ३. बहुतेक कंपन्या कोटेशनवर या मानकाचा उल्लेख करतात. त्यातली मुख्य पद्धत अशी: भिंत आणि फरशी जिथे मिळते तिथे, भिंतीच्या कडेने, सुमारे ३०० मिलिमीटर म्हणजे एका फुटावर १२ मिलिमीटरचे होल मारायचे, प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटरपर्यंत औषधाचे पाणी सोडायचे आणि होल बुजवायचे. भिंतीखालच्या मातीत औषधाचा सलग पट्टा तयार व्हावा, हा त्यामागचा हेतू. जमिनीतली वाळवी त्या पट्ट्यातूनच वर येते. पट्ट्यात खंड पडला की ती तिथूनच वाट काढते.

बुजवलेले होल व्हाइट सिमेंटच्या ठिपक्यांसारखे वर्षानुवर्षे दिसतात. म्हणून टेप घ्या. खोलीचा घेर मोजा, दाराची रुंदी वजा करा, जितके फूट उरतील साधारण तितके ठिपके असायला हवेत.

एक उदाहरण शेवटपर्यंत चालवू. मंगळवार पेठेतले जुने घर, १३ मे २०२४ ला तळमजल्याचे काम झाले, १४,४०० रुपये दिले, पाच वर्षांची लेखी हमी मिळाली. १८ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापनेआधीच्या साफसफाईत देवघर आणि माजघराच्या चौकटींवर नळ्या सापडल्या. देवघर १० बाय ८ फूट, म्हणजे घेर ३६. दाराचे ३ वजा करून ३३ ठिपके हवेत, मोजल्यावर १४ भरले. माजघर १४ बाय १२, घेर ५२, दोन दारांचे ६ गेले तर ४६ हवेत, भरले २२. म्हणजे ७९ च्या जागी ३६. निम्म्याहून कमी.

हे मानक पाळायची सक्ती कायद्याने आहे असे पत्रात म्हणू नका. 'आपल्याच कोटेशनमध्ये ज्या मानकाचा उल्लेख आहे त्यानुसार' एवढेच लिहा. कोटेशनवर उल्लेख नसेल, तर 'या कामाच्या प्रचलित मानकानुसार' म्हणा. ठिपके पुरेसे भरले तरी पत्र लिहायचेच, कारण हमी ही निकालाची असते. मग पत्रातला फक्त होलच्या मोजणीचा भाग गाळा.

हमीपत्र पंचाच्या नजरेने वाचा

कार्डाच्या मागची बारीक अक्षरे पत्र लिहिण्याआधी वाचा, कारण कंपनीचे उत्तर तिथूनच येणार आहे. चार गोष्टी शोधायच्या आहेत.

हमी कशाची, हे आधी. बहुतेक कार्डांवर 'वाळवी पुन्हा आढळल्यास मोफत पुन्हा ट्रीटमेंट' एवढेच असते. खाल्लेल्या चौकटीची किंवा कपाटाची भरपाई सहसा वगळलेली असते. म्हणून पहिली मागणी मोफत कामाचीच करा. कार्डाने जे दिले आहे ते आधी मागणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणणे कठीण जाते.

हमी कोणत्या भागाची, हे दुसरे. फक्त तळमजला केला असेल आणि वाळवी माडीच्या तुळईला लागली असेल, तर ती तळमजल्यातूनच चढली आहे का ते बघा. नळीचा माग खालपर्यंत लागला तर तसे फोटो जोडा.

तिसरे, वार्षिक तपासणीची अट. 'दरवर्षी तपासणी करून घेणे बंधनकारक' असे असेल, तर ती कंपनीने स्वतः करायची होती की तुम्ही बोलवायची होती, हे वाक्य दोनदा वाचा. बऱ्याच कार्डांवर 'आमचा प्रतिनिधी दरवर्षी भेट देईल' असे असते आणि कोणी फिरकलेले नसते. तसे असेल तर तो मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, पत्रात घाला.

चौथे म्हणजे हमी रद्द होण्याची कारणे: नवीन फरशी, खोदकाम, नळाची गळती, घरात पुराचे पाणी. आपल्याकडे शेवटचे कारण कंपन्यांना सहज सुचते. पंचगंगेच्या पुरात तुमच्या घरात काम झाल्यानंतर खरोखर पाणी शिरले असेल, तर औषधाचा पट्टा बिघडला असे कंपनी म्हणू शकते आणि तुमची बाजू लंगडी पडते. पण पाणी शिरलेच नसेल, तर पत्रात आधीच लिहून टाका. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात पाणी आले होते आणि काम त्यानंतर झाले, तर त्या पुराचा या हमीशी काही संबंध नाही.

'वाळवी शेजारच्या घरातून आली' हे उत्तरही हमखास येते. ते फार टिकत नाही. जमिनीतून, कुठूनही येणारी वाळवी अडवण्यासाठीच तो पट्टा असतो, आणि सामाईक भिंत काम घेताना कंपनीच्या डोळ्यांसमोर होती. त्याच मानकात भिंतीला जोत्याच्या पातळीवर खाली तिरकस होल मारून औषध सोडण्याची सोयही सांगितलेली आहे. मातीच्या भिंतीच्या पोटातून वाळवी चढत असेल, तर नुसते फरशीचे होल पुरत नाहीत, हे मात्र खरे. म्हणूनच पुन्हा काम मागताना ते कसे हवे हे लिहावे लागते.

पैशांचा हिशेब आधी डोक्यात

पत्रात पूर्ण रक्कम मागायची की उरलेल्या काळाची, यावर लोक अडतात. आपल्या उदाहरणात ६० महिन्यांच्या हमीतले १६ महिने गेले, ४४ उरले. १४,४०० ला ४४ ने गुणून ६० ने भागले की १०,५६० रुपये येतात. माझे मत असे: ठिपके निम्मेही नसतील किंवा पहिल्याच वर्षात वाळवी परतली असेल, तर पूर्ण रक्कम मागा. काम नीट झालेले दिसते पण मध्येच हमी फसली, तर उरलेल्या काळाची मागणी जास्त न्याय्य आहे आणि लवकर मान्यही होते. पूर्ण मागितलीत तरी तडजोडीला बसाल तेव्हा हा दुसरा आकडा तुमची खालची मर्यादा समजा. तो पत्रात लिहू नका.

कायद्याचा आधार थोडक्यात पुरतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये 'सेवेतील त्रुटी' येते. कलम २(४७) 'अनुचित व्यापारी प्रथां'चे आहे. सदोष सेवा मागे घेऊन बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत करायला नकार देणे हेही त्यात मोडते. 'कोणत्याही परिस्थितीत पैसे परत मिळणार नाहीत' असे छापणाऱ्या कंपनीला हे माहीत असावे म्हणून लिहायचे, घाबरवायला नव्हे. पत्रात फौजदारीची, बदनामीची भाषा आणू नका. उद्या ग्राहक आयोगासमोर तेच पत्र वाचले जाईल.

पत्र

एका पानात, फार तर दीड पानात बसवा. आपल्या उदाहरणातल्या घराचे पत्र असे होईल:

दिनांक: ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, (कंपनीचे नाव), कोल्हापूर शाखा
प्रत: मुख्य कार्यालय, (पत्ता)

विषय: हमी काळात वाळवी पुन्हा आढळल्याने मोफत पुन्हा ट्रीटमेंट, अन्यथा रक्कम परत मिळणेबाबत

संदर्भ: १) बिल क्र. ___, दि. १३ मे २०२४, रु. १४,४००. २) हमीपत्र क्र. ___, मुदत पाच वर्षे. ३) दि. १९ सप्टेंबर २०२५ ची फोनवरील तक्रार.

महोदय,

वरील बिलानुसार आपण माझ्या मंगळवार पेठेतील घराच्या तळमजल्यावर वाळवी प्रतिबंधक ट्रीटमेंट केली आणि पाच वर्षांची लेखी हमी दिली. दि. १८ सप्टेंबर २०२५ रोजी देवघर व माजघराच्या चौकटींवर जिवंत वाळवी आढळली. तोडलेली नळी तीन दिवसांत पुन्हा जोडली गेली. फोटो व व्हिडिओ सोबत आहेत.

दि. १९ सप्टेंबरला मी फोनवर तक्रार केली. दि. २४ सप्टेंबरला आपला कर्मचारी आला, त्याने फक्त वरून फवारणी केली, होल मारले नाहीत. दि. ३ ऑक्टोबरला त्याच जागी वाळवी पुन्हा दिसली.

आपल्या कोटेशनमध्ये आयएस ६३१३ भाग ३ नुसार काम करण्याचे नमूद आहे. त्यानुसार सुमारे एक फूट अंतराने देवघरात ३३ व माजघरात ४६ होल अपेक्षित असताना प्रत्यक्षात १४ व २२ आढळतात. कामानंतर घरात कोणतेही खोदकाम, फरशीकाम किंवा गळती झालेली नाही, पुराचे पाणी आलेले नाही. हमीपत्रात नमूद केलेली वार्षिक भेटही आपल्याकडून झाली नाही.

म्हणून माझी मागणी अशी की, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत संपूर्ण तळमजल्यावर होल मारून, औषध भरून, होल बुजवून मोफत पुन्हा ट्रीटमेंट करावी. बाधित चौकटी व सामाईक भिंतीलाही ट्रीटमेंट द्यावी. वापरलेल्या औषधाचे नाव, प्रमाण व एकूण लिटर लेखी द्यावेत आणि मूळ हमी १३ मे २०२९ पर्यंत कायम असल्याचे लिहून द्यावे. हे शक्य नसल्यास त्याच मुदतीत रु. १४,४०० परत करावेत.

मुदतीत कार्यवाही न झाल्यास मला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोल्हापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागावी लागेल. आपण त्याआधीच हा प्रश्न सोडवाल अशी अपेक्षा आहे.

आपला/आपली,
(सही, नाव, पत्ता, मोबाइल)

सोबत: बिल व हमीपत्राच्या झेरॉक्स, फोटो व व्हिडिओ, होलच्या मोजणीचा तक्ता.

या पत्रातल्या 'होल मारून, औषध भरून' या शब्दांवर कंपनी घासाघीस करील. ते सोडू नका. वरची फवारणी समोर दिसणारे किडे मारते, जमिनीतल्या वारुळापर्यंत आणि राणीपर्यंत पोहोचत नाही. पत्रात नुसते 'पुन्हा ट्रीटमेंट' लिहिले की पंपवाला मुलगा पुन्हा येतो, आणि कंपनीच्या वहीत 'मोफत सेवा दिली' अशी नोंद होते.

बिल नसेल तर घाबरू नका. हमीपत्रावरचा शिक्का, यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवर आलेले कोटेशन, यांवरही व्यवहार दाखवता येतो. संदर्भात तेच लिहा.

पाठवायचे कसे, आणि मग थांबायचे कसे

रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. काउंटरवर स्पीड पोस्टने नोंदणीसह पाठवायचे म्हणून सांगा आणि पोहोचल्याचा पुरावा मागा. शाखेला आणि मुख्य कार्यालयाला वेगवेगळी पाकिटे करा. शाखा बऱ्याचदा फ्रँचायझी असते आणि 'ते काम आमच्या आधीच्या माणसाने केले होते' म्हणून हात वर करते. तेच पत्र ईमेलने आणि व्हॉट्सॲपवरही पाठवा. मूळ हमीपत्र कोणालाही देऊ नका, 'नवीन करून देतो' म्हणाले तरीही.

मुदत संपेपर्यंत दुसऱ्या कंपनीकडून काम करून घेऊ नका. मग 'दुसऱ्याने हात लावला, हमी संपली' हे उत्तर त्यांना आयते मिळते. वाळवी लाकूड सावकाश खाते, पंधरा दिवसांत चौकट कोसळत नाही. देवघरातल्या पोथ्या, कागद, कपडे तेवढे हलवून ठेवा.

मुदत उलटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथून कंपनीकडे पाठपुरावा होतो, आदेश मात्र मिळत नाही. आदेश हवा तर जिल्हा आयोग. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे कंपनी पुण्या-मुंबईची असली तरी कोल्हापुरातच दाद मागता येईल. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि e-jagriti.gov.in वरून घरबसल्या अर्ज करता येतो. दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. हमी पाच वर्षांची आहे म्हणून पत्रामागून पत्रे पाठवत बसलात, तर ती मुदत आपोआप वाढत नाही.

व्यवसाय म्हणून पेस्ट कंट्रोल करायला कीटकनाशक कायदा, १९६८ आणि त्याखालच्या १९७१ च्या नियमांनुसार परवाना लागतो. बिलावर परवाना क्रमांक नसेल तर पत्रात तो मागा. ज्याच्याकडे परवाना नाही तो या एका ओळीनंतर बऱ्याचदा लवकर फोन करतो.

कंपनी आली त्या दिवशी

कंपनी तयार झाली, तर त्या दिवशी घरातला एक मोठा माणूस समोर हवा. औषधाचा डबा सीलबंद आहे का बघा आणि लेबलचा फोटो घ्या. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर एका लिटर पाण्याला २.१ मिलिलिटर हे प्रमाण आहे, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत २१ मिलिलिटर. समोर मोजून टाकायला सांगा. होल बुजवण्याआधी मोजा. आत विहीर, बोअर किंवा पाण्याची टाकी असेल तर ती आधीच दाखवा. होल बुजून फरशी कोरडी होईपर्यंत लहान मुले आणि जनावरे त्या खोल्यांत सोडू नका.

काम संपल्यावर जॉब कार्ड पुढे येईल आणि त्यावर 'काम समाधानकारक' असे आधीच छापलेले असेल. ते खोडा आणि आपल्या हाताने लिहा: 'आज अमुक इतके होल, अमुक लिटर औषध. मूळ हमी १३ मे २०२९ पर्यंत कायम. परिणाम ३० दिवसांनी पाहून कळवीन.' त्याखाली त्यांची सही घ्या, मग आपली करा.